सव्वादहाचा व्हॉल्यूम सव्वादहाशीच ताडून पाहा: ब्रेकआउट गाळण्याची पद्धत

सकाळचे सव्वादहा वाजलेत. एका मिडकॅप शेअरने वीस दिवसांचा उच्चांक ओलांडलाय आणि आतापर्यंत ४.८ लाख शेअर्सचे सौदे झालेत. हा व्हॉल्यूम जास्त की कमी? या शेअरचा दिवसाचा नेहमीचा व्हॉल्यूम १२ लाख आहे, एवढंच तुम्हाला माहीत असेल तर या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तरी बहुतेक स्कॅनर ते देऊन टाकतात आणि तिथूनच चुकीचे शेअर्स यादीत शिरतात.

पहिला प्रकार म्हणजे आतापर्यंतच्या व्हॉल्यूमला सरळ दिवसाच्या सरासरीने भागणं. ४.८ भागिले १२ म्हणजे ०.४. या हिशोबाने दुपारपर्यंत कुठलाच शेअर चाळणीतून पार होत नाही आणि होतो तेव्हा ब्रेकआउट होऊन तास-दोन तास उलटलेले असतात. दुसरा प्रकार जरा हुशार वाटतो. बाजार ३७५ मिनिटं चालतो, त्यातली ६० झाली, म्हणजे १६ टक्के दिवस गेला. १२ लाखांचे १६ टक्के १.९२ लाख, आणि ४.८ भागिले १.९२ म्हणजे अडीच पट. आकडा भारदस्त आहे, पण खोटा आहे, कारण सौदे दिवसभर सारख्या वेगाने होत नाहीत. या शेअरमध्ये एरवीही सव्वादहापर्यंत ३.४ लाख शेअर्सचे सौदे होतातच. खरं गुणोत्तर ४.८ भागिले ३.४, म्हणजे १.४१.

एकाच क्षणाला ०.४, २.५ आणि १.४१ अशी तीन उत्तरं मिळतात. त्यातलं तिसरंच वापरण्याजोगं आहे, आणि तेही पुरेसं नाही. का, ते पुढे उदाहरणात दिसेल.

दिवसाचा आकार

एनएसईवर नेहमीचे सौदे ९:१५ ते ३:३०. पाव तासाच्या कँडल धरल्या तर दिवसात २५ बसतात. पहिल्या एक-दोन कँडलमध्ये रात्रभर साठलेल्या बातम्या, परदेशी बाजारांची हालचाल आणि आदल्या दिवशीच ठरवून ठेवलेल्या ऑर्डर्स एकदम बाहेर पडतात. अकरानंतर ओघ उतरतो, साडेअकरा ते दीड सर्वांत संथ. दुपारी युरोपचे बाजार उघडल्यावर थोडी जान येते. तीननंतर इंट्राडे पोझिशन बंद करणाऱ्यांची आणि मोठ्या फंडांची गर्दी होऊन व्हॉल्यूम पुन्हा चढतो.

सकाळी साडेनऊला हिंजवडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग दिसली तर त्यात नवल नाही. दुपारी दीडला तेवढीच रांग दिसली तर काहीतरी घडलंय. व्हॉल्यूमकडेही असंच पाहायचं. दर पाव तासाची तुलना मागच्या दिवसांतल्या त्याच पाव तासाशी करायची.

प्रत्येक शेअरचा आकारही वेगळा असतो. पुण्यातल्याच नोंदणीकृत कंपन्या घ्या. बजाज ऑटो, भारत फोर्ज, पर्सिस्टंट यांच्यात दिवसभर मोठे सौदे चालू असतात, तर फारशा परिचित नसलेल्या लहान इंजिनिअरिंग कंपन्यांमध्ये सकाळचा अर्धा तास सरला की शुकशुकाट. म्हणून ‘सव्वादहापर्यंत इतके टक्के व्हॉल्यूम होतो’ असा एकच तक्ता सगळ्यांना लावू नये. पायाचे आकडे ज्याचे त्याचे हवेत.

पायाचे आकडे कसे काढायचे

प्रत्येक शेअरसाठी मागच्या २० सत्रांच्या पाव तासाच्या कँडल घ्या. वीस सत्रं म्हणजे साधारण एक महिना. दहाच घेतली तर एकदोन वेगळे दिवस पाया हलवतात. पन्नास घेतली तर दोन महिन्यांपूर्वीची शांतता आजच्या मापात मिसळते. पाच मिनिटांच्या कँडलवरही हे करता येतं, पण दुपारच्या पाच मिनिटांत सौदे इतके थोडे असतात की गुणोत्तर उगाच उड्या मारतं. पाव तास पुरेसा बारीक आहे.

सरासरीऐवजी मध्यक वापरा. या एका बदलाने चाळणी सर्वांत जास्त सुधारते. समजा वरच्या शेअरमध्ये १९ दिवस सव्वादहापर्यंत ३.४ लाखांच्या आसपास सौदे झाले आणि निकालाच्या एका दिवशी २४ लाख. सरासरी होते ४.४३ लाख. म्हणजे आजचं गुणोत्तर १.४१ नव्हे, १.०८ दिसेल. त्या एका दिवसाची सावली पुढचे २० दिवस पडत राहते आणि एकविसाव्या दिवशी तो दिवस खिडकीतून बाहेर पडला की बाजारात काहीच न घडता गुणोत्तर वर उडी मारतं. मध्यक अशा एका दिवसाने जवळपास हलत नाही.

गूगल शीटमध्ये प्रत्येक शेअरला एक पान द्या. एका ओळीत एक दिवस, एका स्तंभात एक पाव तास. `A` स्तंभात तारीख, `B` मध्ये ९:३० ला संपणारी कँडल, `C` मध्ये ९:४५ ची, `D` मध्ये १०:०० ची, `E` मध्ये १०:१५ ची. मागचे वीस दिवस ओळ २ ते २१ मध्ये, आजचा दिवस ओळ २२ मध्ये. मग सव्वादहाचे दोन आकडे असे निघतात:

```
=E22/MEDIAN(E2:E21)
=SUM(B22:E22)/MEDIAN(BYROW(B2:E21,LAMBDA(r,SUM(r))))
```

पहिला आहे पाव तासाचा आकडा: फक्त शेवटच्या कँडलची तिच्याच वेळेच्या मागच्या कँडलशी तुलना. दुसरा आहे आतापर्यंतचा आकडा: सकाळपासूनच्या बेरजेची मागच्या दिवसांतल्या तेवढ्याच बेरजेशी तुलना. दुसऱ्या सूत्रात आधी प्रत्येक दिवसाची बेरीज होते आणि मग मध्यक निघतो. हा क्रम उलटा करू नका. पाव तासांच्या मध्यकांची बेरीज म्हणजे बेरजांचा मध्यक नव्हे.

यादीत शंभरेक शेअर्स असतील तर शीट जड होते. तिथे पायथनच्या पाच ओळी बऱ्या:

```python
df = df.sort_values(["symbol", "date", "slot"])
df["cum"] = df.groupby(["symbol", "date"])["volume"].cumsum()
base = lambda s: s.shift(1).rolling(20).median()
for c in ["volume", "cum"]:
    df["rv_" + c] = df[c] / df.groupby(["symbol", "slot"])[c].transform(base)
```

यात `shift(1)` विसरू नये. ते नसेल तर आजचा दिवस स्वतःच्याच पायात मोजला जातो आणि आकडा नेमका मोठ्या दिवशी दबतो. दुसरं असं की ज्या पाव तासात एकही सौदा झाला नाही, ती कँडल बरेच डेटा पुरवठादार देतच नाहीत. अशा जागी आधी शून्य भरा, नाहीतर त्या दिवशीची त्या वेळेपर्यंतची बेरीजच गायब होते.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर ट्रेडिंगव्ह्यूवर `Relative Volume at Time` हा तयार इंडिकेटर आहे. त्यात `Cumulative` निवडलं की आतापर्यंतचा आकडा मिळतो, `Regular` निवडलं की त्या कँडलचा. तो मध्यक नव्हे, सरासरी वापरतो. त्यामुळे निकालानंतरच्या महिन्यात त्याचे आकडे दबलेले असणार, हे धरून चाला.

एक उदाहरण, दोन शेअर्स

आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. दोन्ही शेअर्सनी १०:०० ते १०:१५ च्या कँडलमध्ये वीस दिवसांचा उच्चांक ओलांडला. ‘क’ हा आपला सुरुवातीचा मिडकॅप, ‘ख’ हा दिवसाला साधारण ३० लाख शेअर्स चालणारा. व्हॉल्यूम लाखांत.

| कँडल संपली | क नेहमी | क आज | पट | ख नेहमी | ख आज | पट |
|---|---|---|---|---|---|---|
| ९:३० | १.६ | २.९ | १.८१ | ३.८ | ४.० | १.०५ |
| ९:४५ | ०.७ | ०.९ | १.२९ | १.७ | २.३ | १.३५ |
| १०:०० | ०.६ | ०.६ | १.०० | १.४ | ३.० | २.१४ |
| १०:१५ | ०.५ | ०.४ | ०.८० | १.१ | ३.९ | ३.५५ |
| आतापर्यंत | ३.४ | ४.८ | १.४१ | ८.० | १३.२ | १.६५ |

शेवटची ओळ पाहिली तर दोघे फार लांब नाहीत. १.४१ आणि १.६५. बरेच जण चाळणी दीडवर लावतात, काही १.३ वर, १.३ वाल्यांच्या यादीत दोघेही येतील. पण वरच्या ओळी वाचा. ‘क’चा सगळा जोर पहिल्या पाव तासातला आहे. रात्रीची काही बातमी असेल, ती उघडताना पचली आणि मग लोक निघून गेले. ज्या कँडलमध्ये भाव उच्चांकावर गेला, तिच्यात नेहमीपेक्षा वीस टक्के कमी सौदे झाले. म्हणजे भाव चढला तो विकणारे बाजूला झाल्यामुळे. घेणारे वाढलेले नाहीत. असा ब्रेकआउट पुढे टिकलाच तर टिकेल, पण व्हॉल्यूमची साक्ष त्याच्या बाजूने नाही.

‘ख’मध्ये उलट चित्र आहे. उघडताना काही विशेष नाही, मग दर पाव तासाला ओघ वाढत गेला आणि भाव फुटला तेव्हा नेहमीच्या साडेतीन पट सौदे चालू होते. या शेअरमध्ये कुणीतरी काम करतंय.

म्हणून दोन्ही आकडे लागतात. आतापर्यंतचा आकडा सांगतो की आजचा दिवस वेगळा आहे का. पाव तासाचा आकडा सांगतो की नेमका ब्रेकआउटच्या वेळी माणसं हजर होती का. फक्त पहिला पाहिला तर सकाळचा एक मोठा झटका दुपारपर्यंत शेअरला यादीत धरून ठेवतो. फक्त दुसरा पाहिला तर एखाद्या मोठ्या ऑर्डरने फुगलेली एकुलती एक कँडल फसवते.

चाळणी लावताना

सुरुवात अशी करा: आतापर्यंतचा आकडा १.५ किंवा वर, ब्रेकआउटच्या कँडलचा आकडा २ किंवा वर, आणि कँडल उच्चांकाच्या वर बंद झालेली. बंद भाव कँडलच्या वरच्या एक तृतीयांशात असावा. व्हॉल्यूमला दिशा नसते. साडेतीन पट सौद्यांनिशी भाव वर जाऊन कँडलच्या मध्यावर परतला असेल तर तिथे मोठा विकणारा बसलाय.

हे दीड आणि दोन कायमचे समजू नका. तुमच्या यादीतल्या शेअर्सचे मागचे तीन-चार महिने घेऊन प्रत्येक पाव तासासाठी पाहा की वरच्या पाच टक्क्यांत यायला किती पट लागते. बहुतेकदा सकाळी ती हद्द खाली असते आणि दुपारी बरीच वर, कारण दुपारचा पाया लहान असल्याने थोड्या सौद्यांनीही गुणोत्तर फुगतं. सकाळच्या दोनपटीला जो अर्थ आहे तो साडेबाराच्या दोनपटीला नाही. `PERCENTILE` ने ही हद्द वेळेनुसार काढून शीटच्या वरच्या ओळीत ठेवली की मग एकच कसोटी दिवसभर चालते.

पाया फार लहान असलेले शेअर्स गुणोत्तर काढण्याआधीच वगळा. एरवी ३०० शेअर्स चालणाऱ्या पाव तासात ३,००० चालले की दहा पट दिसतं, पण त्यात तुमचीच ऑर्डर भाव हलवेल. त्या पाव तासाची नेहमीची उलाढाल रुपयांत किमान ५० लाख असावी, अशी अट ठेवायला हरकत नाही. ‘क’चा भाव ४०० रुपये धरला तर ५० हजार शेअर्सची कँडल म्हणजे २ कोटी, तो सहज बसतो. मोठ्या रकमेने काम करत असाल तर अट वाढवा.

मग बाजाराची भरती वजा करायची. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी १० वाजता जाहीर होतं; त्या पाव तासात बँका आणि फायनान्स कंपन्यांचे आकडे सरसकट उसळतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी तर सगळाच बाजार. यासाठी त्या क्षणी तुमच्या पूर्ण यादीचा मध्यक काढा आणि प्रत्येक शेअरचा आकडा त्याने भागा. यादीचाच मध्यक १.४ असेल तर ‘ख’चा १.६५ उरतो १.१८, म्हणजे जवळपास काहीच नाही. यादीचा मध्यक १ च्या आसपास असेल तर १.६५ तसाच राहतो आणि तो शेअरचा स्वतःचा आहे. ही पायरी गाळली तर गडबडीच्या दिवशी यादीत चाळीस नावं येतात आणि शांत दिवशी एकही नाही.

अर्धवट कँडल

१०:०८ ला भाव फुटला आणि कँडल अजून सात मिनिटं बाकी आहे. तिथला पाव तासाचा आकडा कमीच दिसणार. आठ मिनिटांच्या व्हॉल्यूमला पंधरा भागिले आठने गुणून वाढवण्याचा मोह होतो, पण त्यात मघाचीच चूक छोट्या रूपात परत येते: ब्रेकआउटच्या मिनिटाला झालेली गर्दी पुढची सातही मिनिटं तशीच राहील असं आपण धरून चालतो. घाई असेल तर एका मिनिटाच्या डेटावर आतापर्यंतचा आकडा काढा, १०:०८ ची तुलना मागच्या दिवसांतल्या १०:०८ शी. नाहीतर कँडल संपेपर्यंत थांबा. दिवसभर स्क्रीनसमोर बसता येत नसलेल्यांना थांबणंच सोयीचं. ऑफिसमध्ये ९:४६, १०:१६ आणि १०:४६ असे तीन ठरावीक क्षण नेमून तेवढ्याच वेळी यादी पाहिली, तरी सकाळचे कामाचे ब्रेकआउट हाती लागतात. तीननंतरचे ब्रेकआउट या चाळणीने गाळता येतात, पण इंट्राडेसाठी तिथे वेळच उरत नाही.

आकडा मोठा, पण पोकळ

चाळणीतून आलेल्या शेअरची पाव तासाची कँडल एक-एक मिनिटात उघडून पाहा. अर्ध्याहून जास्त व्हॉल्यूम एकाच मिनिटात असेल आणि त्या मिनिटात भाव फारसा हललेला नसेल, तर दोन मोठ्या पार्ट्यांनी आपसात सौदा उरकलाय. तो ब्रेकआउटचा पुरावा नाही. ते मिनिट वगळून आकडा पुन्हा काढा. तरीही दोनच्या वर असेल तर ठेवा. खऱ्या मागणीत व्हॉल्यूम सात-आठ मिनिटांवर पसरलेला असतो आणि भाव पायरीपायरीने सरकतो. डिलिव्हरीची टक्केवारी इथे मदतीला येत नाही, ती बाजार बंद झाल्यावरच मिळते.

५ टक्क्यांच्या सर्किटवाल्या शेअरमध्ये नेमका उलटा घोटाळा होतो. वरचं सर्किट लागलं की विकणाराच नसतो, सौदे थांबतात आणि पाव तासाचा आकडा शून्याकडे जातो. मागणी प्रचंड असूनही चाळणी त्याला बाद करते. असे शेअर्स या यादीत ठेवूच नयेत.

डेटा कुठे फसवतो

कँडलवरची वेळ सुरुवातीची आहे की शेवटची, हे आधी तपासा. बहुतेक भारतीय ब्रोकरांच्या एपीआयमध्ये ती सुरुवातीची असते, म्हणजे १०:०० लिहिलेली कँडल १०:१५ ला संपते. एका स्रोताचा पाया आणि दुसऱ्याचा आजचा डेटा जोडला तर तुलना एका कँडलने सरकते आणि सकाळी सगळेच आकडे एका बाजूला झुकतात. असं झालंय का ते लगेच कळतं: साध्या दिवशी पूर्ण यादीचा मध्यक १ च्या आसपास यायला हवा. तो सकाळी रोजच ०.५ किंवा २ कडे जात असेल तर दोष डेटात आहे.

९ ते ९:१५ च्या प्री-ओपन सत्रात जुळलेले सौदे काही ठिकाणी पहिल्या कँडलमध्ये धरतात, काही ठिकाणी नाही. दिवसाच्या एकूण व्हॉल्यूममध्ये मात्र ते असतात. त्यामुळे आजची बेरीज वॉचलिस्टमधल्या चालू एकूण आकड्यावरून आणि पाया कँडलवरून, असं करू नका. दोन्ही बाजू कँडलवरूनच घ्या आणि दोन्ही एनएसईच्याच.

बोनस आणि स्प्लिटनंतर जुना व्हॉल्यूमही बदलावा लागतो. एकास एक बोनस झाला की शेअर्सची संख्या दुप्पट होते, म्हणून जुना व्हॉल्यूम दोनने गुणायचा. काही ठिकाणी फक्त भाव दुरुस्त करतात आणि व्हॉल्यूम तसाच सोडतात; मग पुढचे बरेच दिवस तो शेअर काही न करता दोन पट दाखवत राहतो. एखादा शेअर सलग आठवडाभर यादीच्या माथ्यावर दिसला तर पहिली शंका हीच घ्यावी. शेअर्सऐवजी मूळ, दुरुस्त न केलेल्या भावाने आणि व्हॉल्यूमने रुपयांतली उलाढाल मोजली तर हा प्रश्नच येत नाही.

शेवटी, अनियमित सत्रं काढून टाका. दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग एक तासाचं असतं. २०२५ मध्ये ते दुपारी १:४५ ते २:४५ होतं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी ९:१५ ते १० आणि ११:३० ते १२:३० अशी दोन तुटक सत्रं झाली. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई ११:४० ला बंद पडून ३:४५ ला परत सुरू झालं आणि ५ पर्यंत चाललं. वीस दिवसांच्या पायात असा एक दिवस असला तर मध्यक तो निभावून नेतो, पण हद्द काढण्यासाठी मागचे महिने वापरताना हे दिवस टोकाचे आकडे देतात. सोपा नियम असा: ज्या तारखेला २५ कँडल पूर्ण नाहीत किंवा ३:३० नंतरच्या कँडल आहेत, ती तारीखच गाळा. ही तपासणी मात्र निफ्टीच्या कँडलवर करा, शेअरच्या नव्हे. नाहीतर कमी चालणाऱ्या शेअर्सचे साधे दिवसही विनाकारण बाहेर जातील.